गळ्याचं लेबल कापलंय, आत फक्त वॉशकेअरचा टॅग उरलाय, ब्रँड कसा ओळखायचा?

"दादा, तासगावात माझं छोटं रेडिमेडचं दुकान आहे. एक्सपोर्ट सरप्लसचे ४० चेक्सचे कॉटन शर्ट घेतलेत. गळ्याच्या विणलेल्या लेबलवर काळा मार्कर मारलाय आणि मधोमध कात्री लावलीय. आत बाजूच्या शिलाईत पांढरा टॅग आहे, त्यावर टब, त्रिकोण, इस्त्री अशी चिन्हं आणि RN 54023, CA 17897 असं छापलंय. यावरनं ब्रँड कळतो का? गिऱ्हाईक विचारतंय, त्याला काय सांगू?"

कळतो भावा, आणि तुझ्या केसमध्ये तर बऱ्यापैकी पक्का कळेल. फक्त आधी कंपनी कळते आणि मग ब्रँड, हा क्रम डोक्यात ठेव, कारण लोक नेमकं उलटं करतात, गळ्याकडं बघून ब्रँड ठरवतात आणि आतला टॅग उघडूनही बघत नाहीत. मी ९ वर्षं तिरुपूरला क्यूसीत काढली, आता सांगलीत कापड पेठेजवळ दुकान आहे, सरप्लसचा माल रोज हातात असतो. आमच्यात गळ्याच्या लेबलला मेन लेबल म्हणतात आणि आतल्या टॅगला वॉशकेअर. मेन लेबल गिऱ्हाईकासाठी असतं आणि वॉशकेअर कायद्यासाठी. त्यामुळं सरप्लस बाहेर काढताना मेन लेबल कापतात, मार्कर मारतात, पण वॉशकेअर बऱ्याचदा तसंच राहतं, कारण ते साइड सीममध्ये शिवलेलं असतं आणि ओढून काढायला गेलं की शिलाईच उसवते.

आता तुझे दोन नंबर. RN म्हणजे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं दिलेला नोंदणी नंबर. तिथं कपड्यावर बनवणाऱ्याचं, आयात करणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं नाव टाकावं लागतं, ते पूर्ण नाव टाकायचं नसेल तर त्याऐवजी हा नंबर चालतो. म्हणजे तो एका कंपनीचा नंबर आहे, ब्रँडचा नाही, डिझाइनचा नाही आणि कपडा शिवणाऱ्या फॅक्टरीचा तर बहुतेक वेळा नसतोच. शोधायला पैसे लागत नाहीत, मोबाइलवर rn.ftc.gov उघडायचं, नंबर शोधायच्या पानावर जायचं, RN ही अक्षरं न टाकता नुसता आकडा टाकायचा, की कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि धंद्याचा प्रकार समोर येतो. जुन्या कपड्यांवर कधीकधी RN च्या जागी WPL असतं, तो १९५९ पर्यंत दिलेल्या नंबरांचा जुना प्रकार, त्याच ठिकाणी शोधता येतो, फक्त शोधताना प्रकार WPL निवडायचा. पण WPL दिसलं म्हणून कपडा जुना असं समजू नको, लिव्हायजच्या कपड्यांवर WPL 423 आजही येतं, नंबर जुना आहे, पँट नवी असू शकते. लोक इथंच फसतात आणि साध्या जीन्सला "विंटेज" म्हणून भाव लावतात.

CA हा कॅनडाचा तसाच नंबर, पाच आकडी, तो तिथल्या काँपिटिशन ब्युरोकडून मिळतो आणि फक्त कॅनडातल्या व्यापाऱ्यालाच मिळतो. म्हणजे टॅगवर RN आणि CA दोन्ही असले तर माल अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडं जायचा होता हे आपोआप कळतं.

तुझा 54023 हा गॅप कंपनीचा आहे, सॅन फ्रान्सिस्कोवाली. CA 17897 सुद्धा त्यांच्याच टॅगवर येतो. दोन वेगवेगळ्या देशांचे नंबर एकाच कंपनीकडं बोट दाखवतात म्हणजे हे टॅग कुठल्यातरी गल्लीत छापून चिकटवलेले असण्याची शक्यता कमी, नकली माल करणारा बहुतेक मेन लेबलवर मेहनत घेतो आणि वॉशकेअरवर काहीतरी ठोकून देतो.

पण इथं थांबलास तर चुकशील. गॅप कंपनीच्या घरात गॅप आहे, ओल्ड नेव्ही आहे, बनाना रिपब्लिक आहे, आणि हाच RN गॅपच्या मालावरही येतो आणि ओल्ड नेव्हीच्याही. अमेरिकेत या तिघांच्या किमतीत मोठा फरक आहे, ओल्ड नेव्ही सगळ्यात स्वस्त, बनाना रिपब्लिक सगळ्यात महाग. तर "गॅपचा शर्ट आहे" असं सांगून ओल्ड नेव्हीचा विकलास तर ते खोटं झालं, जरी कंपनी एकच असली तरी. म्हणून आता परत गळ्याकडं यायचं.

विणलेलं लेबल म्हणजे छापलेली पट्टी नाही, त्यातली अक्षरं धाग्यांनी विणलेली असतात. एका रंगाचा धागा पुढं अक्षर म्हणून दिसतो आणि जिथं त्याची गरज नाही तिथं तो मागं जातो. त्यामुळं लेबल उलटं केलं की मागच्या बाजूला तीच अक्षरं आरशातल्यासारखी आणि रंग अदलाबदल होऊन दिसतात. मार्कर मारणारा पोरगा पुढनं मारतो, एका दिवसात हजारभर पीस उरकायचे असतात, मागं कोण बघतो. तर तू काय कर, लेबल सुईच्या टोकानं अलगद उचल, मागच्या बाजूचा जवळून फोटो घे आणि मोबाइलच्या फोटो एडिटमध्ये तो आडवा फ्लिप कर, अक्षरं सरळ वाचता येतात. शाई मागं उतरली असली तरी हरकत नाही, अंधाऱ्या जागी मोबाइलची बॅटरी लेबलच्या शेजारी अगदी आडवी धर, विणलेली अक्षरं किंचित उंचावलेली असतात त्यांची सावली पडते आणि काळ्यावर काळं असूनही आकार उठून दिसतो. माझ्या दुकानात बाहेरच्या उजेडात काहीच दिसत नाही, शटर निम्मं खाली ओढलं की लगेच दिसतं, आता तर पोरं सवयीनं लेबल बघायचं म्हटलं की आधी शटरकडंच जातात.

आणि तुझ्या केसमध्ये तर अक्षरं धड वाचायचीही गरज पडणार नाही. इंग्रजीत गॅप तीन अक्षरांचं, ओल्ड नेव्ही दोन शब्द मिळून सात अक्षरांचं, बनाना रिपब्लिक चौदा अक्षरांचं. कात्री मधोमध मारलीय म्हणजे दोन्ही तुकडे गळ्याला लागूनच लोंबत असणार, ते एकमेकांशेजारी ठेव आणि उंचवटे मोज. तीन मोठी अक्षरं लेबलच्या मध्यभागी आली तर गॅप, दोन शब्दांमध्ये स्पष्ट रिकामी जागा असलेलं मध्यम लांबीचं नाव असेल तर ओल्ड नेव्ही, बारीक अक्षरांची पट्टीभर ओळ असेल तर बनाना रिपब्लिक. एवढ्यावरच तुझं उत्तर निम्म्याहून जास्त मिळतं.

काही लॉटमध्ये लेबल पूर्ण उसवून काढलेलं असतं, तेव्हा कापडावरची सुईची भोकं बघायची. योकवर, म्हणजे पाठीमागं खांद्याजवळच्या जोडपट्टीवर, भोकांच्या दोन उभ्या रांगा समोरासमोर असतील तर लेबलची दोन्ही टोकं आत दुमडून शिवलेली होती आणि त्या दोन रांगांमधलं अंतर म्हणजे लेबलची रुंदी. भोकं नसतील आणि कॉलर बँडच्या शिलाईतच धागा तुटल्यासारखा दिसत असेल तर लेबल मधे दुमडून शिलाईत अडकवलेलं होतं. यावरनं ब्रँड कळत नाही, पण त्याच कंपनीचा दुसरा धड लेबल असलेला शर्ट शेजारी ठेवून मापं जुळवता येतात.

आता चिन्हांबद्दल, कारण तू विचारलंस आणि यावर बाजारात फार गैरसमज आहेत. टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री, गोल ही चिन्हं कुठल्याही ब्रँडची नसतात. ती धुण्याच्या सूचना आहेत आणि सगळ्या कंपन्या तीच वापरतात. पण ती कुठल्या पद्धतीनं काढलीत त्यावरनं कपडा कुठल्या बाजारासाठी बनला त्याचा अंदाज येतो, आणि तो अंदाज नंबरशी जुळला पाहिजे.

सगळ्यात उपयोगाचं चिन्ह म्हणजे टब. टबात ३०, ४०, ६० असा आकडा असेल तर ते सेल्सिअसचं तापमान, ही युरोपची पद्धत, तिकडं ही चिन्हं जिनेटेक्स नावाच्या संस्थेकडं ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेली आहेत, संस्था १९६३ पासूनची. अमेरिकेच्या पद्धतीत टबात ठिपके येतात, एक ठिपका म्हणजे गार पाणी, ३० अंश, दोन म्हणजे ४० च्या आसपास, असं वाढत जातं. टबाखालची आडवी रेघ दोन्हीकडं सारखीच, एक रेघ म्हणजे हलक्या हातानं फिरवा, दोन रेघा म्हणजे अजून हळू. इस्त्रीतल्या ठिपक्यांनी मात्र फसू नको, ते युरोपातही असतात आणि अमेरिकेतही, "ठिपके दिसले म्हणजे अमेरिकन" असं म्हणणारे निम्मे लोक इस्त्रीतले ठिपके बघून बोलत असतात. ठिपके टबात हवेत.

जपानी माल वेगळाच ओळखू येतो. १ डिसेंबर २०१६ पासून तिकडं आंतरराष्ट्रीय पद्धतीसारखी चिन्हं आली, त्याआधीच्या कपड्यांवर टबाऐवजी वॉशिंग मशीनचं चित्र असायचं आणि वाळवण्याच्या चिन्हात सदऱ्याचा आकार. तसा टॅग दिसला तर कपडा जपानच्या बाजारासाठी आणि २०१६ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा, हे डोळे झाकून सांगता येतं. कांडल्याकडनं जे जुने कपडे येतात त्यात असले जॅकेट कधीतरी सापडतात, त्यावर RN शोधत बसू नको, अमेरिकेत विकायचाच नव्हता तर RN कशाला असेल. युरोपच्या मालावरही RN नसला तर घाबरायचं कारण नाही, तिथं बहुतेक वेळा कंपनीचा पत्ता सरळ छापलेला असतो. स्पेनच्या आर्तेइशो गावाचा पत्ता दिसला की ते झाराचं घर, इंडिटेक्सचं, आणि तिथं ४-३-३ आकड्यांचा तिरप्या रेघांनी तोडलेला रेफरन्स नंबर असतो, पहिले चार मॉडेलचे आणि शेवटचे तीन रंगाचे.

एक अडचण आहे. मोठ्या कंपन्या एकच माल दहा देशांत विकतात, मग वॉशकेअरची चार-पाच पानं होतात, त्यात आकडेही असतात, ठिपकेही असतात, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश सगळं असतं. तेव्हा चिन्हांवरनं देश काढायचा प्रयत्न सोडून दे, नंबर आणि पत्ता हेच धर. फ्रेंच मजकूर दिसला म्हणून फ्रान्सचा कपडा असंही नाही, फ्रेंच कॅनडासाठीही असते.

चिन्हं खरी उपयोगी पडतात ती खोटं पकडायला. टॅगवर शंभर टक्के लोकर लिहिलंय आणि ड्रायरच्या चिन्हात तीन ठिपके म्हणजे जास्त उष्णता, तर तो टॅग दुसऱ्याच कपड्याचा उचलून छापलाय, लोकर तशी वाळवली तर आकसून लहान पोराच्या मापाची होईल. किंवा कापड हाताला सरळ पॉलिस्टर लागतंय, एक धागा जाळून बघितला तर वितळून कडक गोळी होते, आणि टॅग म्हणतोय कॉटन. कॉटन जळाल्यावर कागदासारखी राख होते, गोळी होत नाही. तुझ्या ४० पैकी एका शर्टाच्या शिलाईआतल्या कडेतनं कापडाचाच धागा काढून, शिलाईचा नव्हे, ही परीक्षा घे, दोन मिनिटांचं काम आहे.

ही काळजी मी का सांगतोय, तर एकदा मी स्वतः ६० टीशर्टांचा लॉट फक्त गळा बघून घेतला होता. लेबल सुंदर, विणलेलं, अक्षरं बारीक आणि स्पष्ट, व्यापारी ओळखीचा. दुकानात आणून एक टीशर्ट उलटा केला तेव्हा दिसलं की गळ्यामागची पट्टी एका धाग्यानं शिवलीय आणि लेबल दुसऱ्याच, जरा चकाकणाऱ्या धाग्यानं, आणि लेबलची शिलाई पट्टीच्या आरपार बाहेरच्या बाजूला आलेली. फॅक्टरीत अशा टीशर्टाचं लेबल पट्टी बसवतानाच आत सरकवतात, दोन्ही एकाच शिलाईत जातात, बाहेर वेगळी शिलाई दिसत नाही. म्हणजे लेबल नंतर लावलं होतं. मग वॉशकेअर उघडलं, त्यावरचा RN शोधला तर तो दुसऱ्याच एका कंपनीचा निघाला, जिचा त्या ब्रँडशी काही संबंध नव्हता. विणलेलं लेबल करून देणारे कारखाने सुरतेत ढिगानं आहेत, चांगलं लेबल असणं हा पुरावाच नव्हे. तेव्हापासून मी वॉशकेअर आधी आणि गळा नंतर बघतो. ते ६० पीस मी लेबल काढून साधे टीशर्ट म्हणून विकले, पैसे गेले पण गिऱ्हाईकाला खोटं सांगावं लागलं नाही.

पण RN आणि मेन लेबल जुळलं नाही म्हणजे दरवेळी नकलीच असंही नाही बरं का. पुष्कळ ब्रँड आपलं नाव दुसऱ्या कंपनीला लायसन्सवर वापरायला देतात, तेव्हा टॅगवर लायसन्स घेणाऱ्याचा RN येतो. काही वेळा आयात करणाऱ्याचा येतो. काही वेळा कंपनी बंद पडलेली असते आणि नोंद जुनीच राहते, हे नंबर एकाकडनं दुसऱ्याकडं विकता येत नाहीत, त्यामुळं ब्रँड विकला गेला तरी जुन्या कपड्यावरचा नंबर जुन्याच मालकाकडं बोट दाखवत राहतो. म्हणून न जुळलेल्या नंबरवरनं लगेच निकाल देऊ नको, शिलाई आणि कापड काय म्हणतंय तेही बघ.

आता तुझ्या लॉटमध्ये पुढं. वॉशकेअरचं शेवटचं पान उलगड, बहुतेक तिथं बारीक अक्षरात सहा-सात आकड्यांचा स्टाइल नंबर असेल. त्याच्या आसपास FA18 किंवा SP19 असलं काही दिसलं तर तो हंगाम, FA म्हणजे फॉल आणि SP म्हणजे स्प्रिंग, पुढचे दोन आकडे वर्षाचे. आता ब्रँडचं नाव आणि स्टाइल नंबर एकत्र टाकून गूगलवर शोध, जुने कपडे विकणारे अमेरिकन लोक हे नंबर फोटोसकट टाकतात, चेक्सचा रंग जुळला की विषय संपला. त्याच पानावर अजून एक छोटा कोड असतो, तो फॅक्टरीचा, त्याच्यावरनं ब्रँड कळत नाही पण एकाच लॉटमधले दोन वेगळे फॅक्टरी कोड निघाले तर माल दोन ठिकाणचा एकत्र केलाय हे कळतं.

म्हणून एका शर्टावरनं ४० चं ठरवू नको. ढिगातले वरचे, मधले आणि खालचे मिळून सहा-सात काढ, सगळ्यांचा RN सारखा आहे का, स्टाइल नंबर सारखा आहे का, मागच्या बाजूला अक्षरांची लांबी सारखी आहे का ते वहीत लिहून काढ. सरप्लसवाले एका चांगल्या लॉटमध्ये चार-पाच दुसरेच घालतात. त्याच वेळी हेही बघ की वेगवेगळ्या मापांच्या शर्टांचे टॅग खरंच वेगळे आहेत का, एल आणि एक्सएल दोन्हींवर एकच माप छापलेला टॅग असेल तर तो लॉट मागं पाठव.

आपल्या इथल्या ब्रँडच्या मालावर RN शोधत बसू नको, तिथं वॉशकेअरवर किंवा हँगटॅगवर बनवणाऱ्याचं नाव पत्ता असतो. तो फाटला असेल आणि फक्त मेन लेबलवरचं नाव हातात असेल तर ipindia.gov.in वर ट्रेडमार्कचा शोध आहे, त्यात क्लास 25 निवडायचा, तो कपड्यांचा, आणि नाव टाकायचं, मालक कोण ते दिसतं.

गिऱ्हाईकाला काय सांगायचं? जे सिद्ध झालं तेवढंच. गळ्यामागनं ओल्ड नेव्ही वाचता आलं तर "ओल्ड नेव्हीसाठी बनलेला, एक्सपोर्ट सरप्लस, लेबल कापलेलं आहे" एवढं सांग. वाचता आलं नाही आणि फक्त RN लागला तर "गॅप कंपनीच्या ऑर्डरचा माल, त्यातला नेमका ब्रँड माहीत नाही" असं सांग, लोक घेतात, मी रोज विकतो. पण कुणी म्हणालं की नवीन लेबल लावून देतो, वर ५० रुपये जास्त घे, तर त्याला दुकानाच्या पायरीवरनंच परत पाठव. ट्रेड मार्क्स कायदा १९९९ प्रमाणं खोटा ट्रेडमार्क लावणं आणि तसा माल विकणं हे दोन्ही गुन्हे आहेत, ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाखापर्यंत दंड आहे, आणि छापा पडला तर लेबल शिवणारा सापडत नाही, दुकानदार सापडतो. बिलावरही "कॉटन शर्ट, एक्सपोर्ट सरप्लस, लेबल कट" असंच लिही, आणि ज्याच्याकडनं माल घेतलास त्याचं बिल जपून ठेव.